पाणी सुटतं, ते कुठून?

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी शेवटी, पानं मांडल्यावर घालायचं, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. आधी घातलं तर दह्यात काकडी पोहायला लागते. कारल्याचं नेमकं उलट. चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवायचं आणि सुटलेलं पाणी पिळून टाकायचं. दोन्हीकडे आपण एकच म्हणतो, ‘पाणी सुटलं’. कुणी कारण विचारलं तर उत्तरही तयार असतं, ‘मीठ पाणी ओढून घेतं’.

हे उत्तर अर्धंच आहे. मीठ बाहेर होतं, पाणी काकडीच्या आत होतं, आणि त्यांच्यामध्ये आणखी काहीतरी होतं. त्या मधल्या गोष्टीशिवाय हा खेळ होत नाही. ती गोष्ट ओळखायला एक बटाटा, दोन वाट्या आणि थोडं मीठ पुरतं.

एका ताज्या, घट्ट बटाट्याचं साल पूर्ण काढा. सालीचा थर बुचासारखा असतो, त्यातून पाणी जवळपास जात नाही. मग बोटभर लांबीच्या, साधारण 4 मिलिमीटर जाडीच्या सारख्या पट्ट्या कापा आणि कापलेल्या कडांवरचा स्टार्च पाण्याखाली धुऊन टाका. अर्ध्या पट्ट्या साध्या पाण्यात घाला. उरलेल्या दुसऱ्या वाटीत घाला, तिथे 200 मिलिलीटर पाण्यात दोन चमचे, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम मीठ विरघळवलेलं असू द्या. एक तास थांबा.

आता प्रत्येक वाटीतली एक पट्टी एका टोकाला धरून आडवी उचला. साध्या पाण्यातली काडीसारखी सरळ राहते आणि वाकवली तर कट्‌कन मोडते. मिठाच्या पाण्यातली शिळ्या गवारीच्या शेंगेसारखी खाली लोंबते. तिची बोटाभोवती गुंडाळी केली तरी ती मोडत नाही. दोन्ही एकाच बटाट्याच्या, पण एक पाणी पिऊन बसली आणि दुसरीचं पाणी सुटलं.

बटाट्याची प्रत्येक पेशी म्हणजे पेटीत ठेवलेली पाण्याची पिशवी समजा. पेटी म्हणजे पेशीभित्तिका. ती चिवट असते, पण पाणी आणि मीठ दोन्हींना तिच्यातून जाता येतं. आतली पिशवी म्हणजे पेशीचं पातळ पटल, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ. त्याला अर्धपार्य पटल म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात ते निवडक्षम पारपटल या नावानं भेटतं. आपण शोधत होतो ती मधली गोष्ट हीच.

या पटलाला चाळणीची उपमा देतात, पण ती फसवी आहे. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे विद्युतभारित कण होतात. ते आकारानं पाण्याच्या रेणूहून फार मोठे नसतात. अडतात ते भारामुळे. पटल स्निग्ध पदार्थांचं बनलेलं असतं आणि स्निग्ध थरातून भारित कण सहजी जात नाहीत. पाण्यासाठी मात्र पटलात प्रथिनांच्या खास मोऱ्या असतात. या मोऱ्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पाण्याचे रेणू पटलाच्या दोन्ही बाजूंनी सतत ये-जा करत असतात. साध्या पाण्याच्या बाजूनं ते मुक्तपणे पलीकडे जातात. ज्या बाजूला मीठ किंवा साखर मिसळलेली असते, तिथून निसटण्याची पाण्याची प्रवृत्ती कमी होते. म्हणून दोन्हीकडची वाहतूक चालू असूनही हिशेबात पाणी एकाच दिशेला, पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे सरकतं. हेच परासरण. मिठानं हात लांब करून कुणाला ओढलेलं नसतं. ते स्वतः पटलापाशी अडतं आणि पाणी अडत नाही, एवढीच गोष्ट आहे.

हे माणसाच्या पहिल्यांदा नजरेला आलं ते प्राण्याच्या मूत्राशयामुळे. 1748 साली फ्रान्समध्ये झां-अँत्वान नोले यांनी मद्यार्क भरलेल्या बाटलीच्या तोंडावर मूत्राशयाची त्वचा ताणून बांधली आणि बाटली पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांनी ती त्वचा फुगून वर आली, आणि टाचणी टोचताच आतला द्रव उसळला. बाहेरचं पाणी आत गेलं होतं आणि आतला मद्यार्क मात्र त्या मानानं बाहेर आला नव्हता.

साध्या पाण्यातली आपली पट्टी तशी फुटत नाही, कारण तिच्या पिशव्या पेटीत आहेत. पाणी आत शिरतं, पिशवी फुगते, भित्तिकेला टेकते आणि भित्तिका तिला उलट दाबते. हा दाब पुरेसा झाला की आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी समान होतं. पट्टीचा ताठपणा म्हणजे हाच दाब. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना अशी पेटी नसते, त्यामुळे त्या साध्या पाण्यात फुटतात. मिठाच्या पाण्यात बटाट्याच्या पेशीतलं पाणी कमी होतं, पिशवी आकसून भित्तिकेपासून सुटते. याला रससंकोच म्हणतात. पेटी तशीच उभी असते, पण तिला आतून टेकू देणारं कुणी नसतं, आणि पट्टी लोंबते.

आता प्रश्न असा, की बटाट्याला ‘खारट’ कुठपासून वाटतं? हे वजन करून कळतं, मात्र काटा 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. चार वाट्यांत प्रत्येकी 200 मिलिलीटर पाणी घ्या. पहिलीत मीठ नाही, पुढच्या तीनांत 1, 2 आणि 4 ग्रॅम. म्हणजे अनुक्रमे सुमारे शून्य, अर्धा, एक आणि दोन टक्के. पट्ट्यांचे चार गठ्ठे करा, प्रत्येक सुमारे 20 ग्रॅमचा. दोन तासांनी बाहेर काढून सगळे गठ्ठे अगदी सारखेच टिपून घ्या आणि पुन्हा वजन करा. उदाहरणादाखल, साध्या पाण्यातला गठ्ठा 20 चा 21.2 ग्रॅम झाला, तर वाढ 1.2 ग्रॅम, म्हणजे 6 टक्के. दोन टक्क्यांच्या पाण्यातला 17.8 झाला, तर घट 11 टक्के. अशा चार आकड्यांचा आलेख काढला की रेषा वाढीकडून घटीकडे जाताना कुठेतरी शून्य ओलांडते. त्या खारटपणात बटाटा ना पाणी घेतो, ना सोडतो.

हा शून्याचा बिंदू बहुधा एक टक्क्याच्या आसपास येतो. जुन्या किंवा शीतगृहातल्या बटाट्यात साखर वाढलेली असते, तिथे तो थोडा सरकतो. रुग्णालयात शिरेतून देतात त्या सलाईनमध्येही 0.9 टक्के मीठ असतं, म्हणजे रक्तपेशी ना फुगाव्यात ना आकसाव्यात इतकंच. बटाटा आणि रक्त यांचं हे जवळ येणं योगायोगाचं आहे, पण आकडा लक्षात राहायला सोयीचा.

आता बेदाण्याकडे वळू. शाळेत परासरण म्हटलं की बेदाणाच असतो, पण तो साक्षीदार म्हणून जरा कच्चा आहे. रात्रभर साध्या पाण्यात ठेवलेला बेदाणा फुगतो, हे खरं. पण भांड्यातलं पाणी चाखून पाहा, ते गोड लागतं. पटल शाबूत असतं तर साखर आतच राहायला हवी होती. सांगली-तासगावच्या शेडमध्ये द्राक्षं डिपिंग ऑईल आणि पोटॅशच्या द्रावणात बुडवून जाळ्यांवर वाळवतात. सालीवरचा मेणाचा थर त्यानं सैल होतो आणि पाणी लवकर उडतं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. इतकं वाळल्यावर आतल्या पेशी जिवंत राहत नाहीत, त्यांची पटलं फाटलेली असतात. बेदाणा फुगतो तो थोडा सालीच्या आडोशानं आणि बराचसा कोरड्या गरानं पाणी शोषल्यामुळे. गोड पाणी ही त्याची कबुलीच.

दुसरी गंमत पुस्तकात सहसा नसते. कोरडा बेदाणा थेट मिठाच्या पाण्यात टाकला तर आकसेल असं वाटतं, पण तो तिथेही थोडा फुगतो. बेदाण्यात जेमतेम 15 टक्के ओलावा असतो आणि बाकी बहुतेक साखर, म्हणजे तो आधीच भयंकर दाट असतो. 100 मिलिलीटर पाण्यात विरघळेल तेवढं, म्हणजे 36 ग्रॅम मीठ घातलं तरी ते पाणी बेदाण्याच्या मानानं पातळच. म्हणून आकसणं पाहायचं तर बेदाणा आधी साध्या पाण्यात फुगवून घ्यावा लागतो, मग दाट मिठाच्या पाण्यात टाकायचा.

पटलाचा पुरावा हवा असेल तर बटाट्याच्या काही पट्ट्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी वितळल्यावर त्या मऊ, गळक्या दिसतील, कारण बर्फाच्या स्फटिकांनी पटलं फाडलेली असतात. पेशीभित्तिका मात्र बऱ्याच प्रमाणात तशाच असतात. या पट्ट्या साध्या पाण्यात तासभर ठेवा, त्या ताठ होत नाहीत. उलट काल मिठात लोंबलेली पट्टी बाहेर काढून लगेच साध्या पाण्यात टाकली, तर ती बरीचशी सावरते. मात्र त्याच मिठात रात्रभर राहिली तर पेशी मरतात आणि मीठ आत शिरतं. मग तिच्यातून परासरणाचा निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून प्रयोग दोनेक तासांत संपवावा.

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत हीच लोंबणारी पट्टी शेतात उभी दिसते. जास्तीचं पाणी साचलं आणि निचरा झाला नाही की पाणी वाफ होऊन उडतं आणि क्षार वरच्या थरात साठतात. माती ओली असते, तरी ऊस कोमेजलेला. मुळांच्या पेशींना बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा दाट वाटायला लागलं, की ओलाव्यातही तहान लागते. तिथे आणखी पाणी पाजून भागत नाही. आधी चर खोदून निचरा करावा लागतो, मग गोड्या पाण्यानं क्षार धुऊन खाली न्यावे लागतात. शेताला तहान लागली आहे की मीठ झालं आहे, हे ओळखण्यात सगळा फरक पडतो.