घामाच्या दिवसांतलं कापड

मे महिन्यात डोंबिवलीहून लोकलने निघणाऱ्या बाईची कुर्ती सुती असूनही दादरला पोहोचेपर्यंत पाठीला चिकटते. दोष बहुतेक वेळा अस्तराचा असतो. वर मलमल आणि आत पॉलिस्टरचं अस्तर असेल, तर अंगाला पॉलिस्टरच लागतं, आणि ते घाम जवळपास शोषतच नाही. म्हणून शिवायला टाकताना अस्तर सुतीच हवं, असं शिंप्याला बजावून सांगावं. साडीचंही तेच. कोटा किंवा मंगळगिरी नेसून आत सॅटिनचा परकर घातला, तर साडीचा हलकेपणा वायाच गेला.

दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे धाग्याइतकीच विणही महत्त्वाची. जाड, घट्ट विणीचं सुती कापड ओलं होऊन जड होतं. दुकानात कापड उजेडाकडे धरा, तोंडाशी लावून फुंकर मारा. पलीकडे हाताला वारा लागला, तर ते घ्यावं. खादी, मलमल, हलकं लिनन यात सहसा पास होतात. रेयॉन मऊ असतं, घामही शोषतं, पण ओलं झालं की अंगाला लपेटतं.

‘प्युअर कॉटन’ या चिठ्ठीवर मी तरी विसंबत नाही. कडेचे दोन-चार धागे काढून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून कडक गुठळी बनते. खळ मात्र उन्हाळ्यात बेतानेच घाला, तिने विणीतली छिद्रं बुजतात.