भेटू या... पण नेमकं कुठे?

‘मधे कुठेतरी भेटू’ हे वाक्य दोन शहरांत नोकरी करणाऱ्या प्रत्येक जोडीने कधी ना कधी म्हटलेलं असतं. आणि बहुतेक प्लॅन्स याच वाक्यावर अडून बसतात! कारण ‘मधे’ म्हणजे कुठे, हे कोणी नीट मोजतच नाही.

आमचंच घ्या. मी संभाजीनगरला, माझी कॉलेजातली मैत्रीण परभणीला. माझ्याकडे कार आहे, ती रेल्वेने येणार. तिच्या आईला बरं नसतं, त्यामुळे शनिवारी सकाळी नऊला निघून संध्याकाळी पाचला घरी पोचायचंच. म्हणजे हातात तास आठ. प्रवासात जाईल तेवढा वेळ गप्पांतून वजा.

नकाशावर पट्टी ठेवली तर आमच्यात सरळ रेषेत साधारण १६५ किलोमीटर अंतर आहे. त्याचा मध्य पडतो घनसावंगीच्या आसपास, शेतात. तिथे ना तिची रेल्वे, ना माझा रोजचा हायवे. सरळ रेषा बाद!

मग रस्त्याचे किलोमीटर मोजले. जालना-मंठा रोडवर, परतूरकडे रस्ता वळतो तिथे वाटूर फाटा आहे. दोघींच्या घरापासून रस्त्याने साधारण सारखाच लांब, शंभर किलोमीटरच्या आसपास. परफेक्ट ना? पण वाटूरला रेल्वे जात नाही. मैत्रिणीला आधी परतूर स्टेशनवर उतरावं लागणार, तिथून जीप किंवा एसटी पकडून वर फाट्यावर यावं लागणार.

म्हणून किलोमीटर सोडले आणि घड्याळ धरलं. तीन जागा निवडल्या, आणि प्रत्येकीचा वेळ घराच्या दारापासून मोजला. स्टेशनवर जायला २० मिनिटं, गाडीच्या आधी पोचायची १५ मिनिटं, जीप भरेपर्यंतचं थांबणं, सगळं धरून. हा थांबण्याचा वेळ नकाशा सांगत नाही. तो आपणच मिळवावा लागतो.

जालन्याला मला १ तास १० मिनिटं, तिला २ तास ४५. वाटूरला मला १ तास ५०, तिला अडीच तास. परतूरला मला सव्वादोन तास, तिला पावणेदोन.

आता निवड कशी करायची? दोघींच्या वेळेची बेरीज बघितली तर जालना जिंकतं, पण सगळा भार तिच्यावर पडतो. नुसता सारखेपणा बघायचा तर तोही फसवतो. समजा लोणारला दोघींना तीन-तीन तास लागले, तर हिशेब अगदी समान, पण दोघीही वैतागलेल्या! त्यापेक्षा सोपा नियम असा: प्रत्येक जागेसाठी दोघींपैकी जिला जास्त वेळ लागतो, तिचा आकडा घ्या. हे आकडे जालना २.४५, वाटूर २.३०, परतूर २.१५. यातला सगळ्यात लहान निवडा. परतूर! दोन आकडे जवळपास सारखे आले, तरच बेरीज बघायची.

फरक किती पडतो? जालन्याला भेटलो असतो तर तिचे येऊन-जाऊन साडेपाच तास गेले असते आणि गप्पांना उरले असते अडीच. परतूरला उरतात साडेचार. मला जास्त ड्रायव्हिंग, हे खरं. पण ‘अगं, इतक्या लवकर निघालीस?’ हे ऐकण्यापेक्षा ते परवडलं.

मात्र हे उत्तर कायमचं नाही. मैत्रिणीने उद्या भावाची कार आणली, तर जिंतूर-मंठामार्गे ती दोनेक तासांत वाटूरला पोचेल आणि मग वाटूर फाटाच जिंकेल. गावं तीच, रस्ते तेच, फक्त वाहन बदललं की ‘मध्य’ सरकतो. वेळ बदलली तरी तसंच. शनिवारी सकाळचा जालना रोड आणि शुक्रवारी ऑफिस सुटतानाचा जालना रोड हे दोन वेगळे रस्ते आहेत. म्हणून मॅपवर ‘आत्ता निघालो तर’ बघू नका, भेटीच्या दिवसाची आणि तासाची वेळ टाकून बघा.

आणि परतीचा प्रवास वेगळा मोजा. जाताना सोयीची गाडी असते, येताना तशी असेलच असं नाही. परतीची गाडी दीड तास उशिरा असेल, तर तो दीड तास त्या जागेच्या खात्यात मांडायचा आणि पुन्हा तुलना करायची. आमच्या हिशेबात परतीची गाडी वेळेवर धरलीय. ती चुकली तर पाचची डेडलाइन गेली. त्यामुळे आम्ही भेटीची वेळ ठरवतो ती गाडीच्या टाइमटेबलवरून, आणि हॉटेल नंतर शोधतो, स्टेशनपासून चालत जाता येईल असं.