पाळीचा ‘दिवस’ आणि जादा कामाचा हिशेब

‘दिवस’ हा शब्द बोलण्यात जितका सुबोध, तितकाच हजेरीपटावर अवघड आहे. नांदेडची उस्मानशाही कापडगिरणी आता इतिहासजमा झाली. परंतु लातूर परिसरातील साखर कारखाने गळीत हंगामात आजही अहोरात्र चालतात. तेथील रातपाळी दोन तारखांत विभागली जाते. अशा वेळी जादा कामाचे वेतन आणि भरपाईची सुट्टी ही दोन्ही या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहतात.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवस म्हणजे मध्यरात्रीपासूनचे २४ तास अशी व्याख्या केली होती. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीपुरता मात्र निराळा अर्थ सांगितला : मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजावयाचे, आणि साप्ताहिक सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासून सलग २४ तास. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेनेही हा नियम राखला आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. रातपाळी रात्री ८ ते पहाटे ४ अशी आहे. मंगळवारी सुट्टी असलेला कामगार रविवारी व सोमवारी रातपाळी करतो. बुधवारपासून त्याची पहाटे ४ ची पाळी सुरू होते. सोमवारच्या पाळीअखेर पुढचा माणूस न आल्याने तो मंगळवारी सकाळी ८ पर्यंत थांबला. तारखेनुसार पाहता सोमवारी ८ व मंगळवारी ८ तास भरतात. दैनिक मर्यादेचा भंग कोठेच दिसत नाही. वस्तुतः सोमवारची पाळी १२ तासांची झाली. १९४८ च्या अधिनियमातील ९ तासांच्या दैनिक मर्यादेने जादा तास ३ ठरतात. आठवड्याचे एकूण ५२ तास होत असल्याने ४८ तासांच्या साप्ताहिक मर्यादेने ते ४ ठरतात. या दोहोंची बेरीज करावयाची नाही, कारण तेच तास दोनदा मोजले जातील. अधिक असलेले ४ तास धरावयाचे.

दुप्पट दर कशाचा, हा पुढचा प्रश्न. मूळ वेतन रोजी ४०० रुपये व महागाई भत्ता २४० रुपये असल्यास ८ तासांच्या रोजीचा ताशी दर ८० रुपये येतो. म्हणून ४ तासांचे ६४० रुपये होतात. भत्ता वगळून हिशेब केल्यास ४०० रुपयेच हाती पडतात. बोनस मात्र या दरात धरला जात नसे.

तथापि एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. मंगळवारी सकाळी ८ ते बुधवारी पहाटे ४ हे २० तासच होतात. सुट्टी चार तासांनी तुटली. पैसे देऊन ती भरून निघत नाही, कारण वेतन श्रमाचे असते आणि सुट्टी विश्रांतीची. बुधवारची पाळी दुपारी १२ वर नेल्यास सलग २४ तास मिळतात. सुट्टी सवलतीच्या आदेशामुळे समूळ गेली असेल, तर तितक्याच सुट्ट्या त्या महिन्यात किंवा पुढील दोन महिन्यांत देणे प्राप्त आहे.

म्हणून हजेरीपट तपासताना तारीख पाहू नये. पाळी कोठे सुरू झाली व कोठे संपली, हे पाहावे.