स्टार-डेल्टा की सॉफ्ट स्टार्टर?

७५ किलोवॅटची, म्हणजे सुमारे १०० अश्वशक्तीची इंडक्शन मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण १३० अँपिअर करंट घेते. तीच मोटर उभी असताना थेट लाइनवर टाकली, तर पहिले काही सेकंद हा आकडा साडेसहा पटीने वाढून ८४५ अँपिअरच्या घरात जातो. उपसा सिंचनाच्या पंपघरात असा झटका बसला की व्होल्टेज उतरते आणि शेजारच्या चालू पंपांचे कॉन्टॅक्टर थरथरू लागतात. म्हणूनच मोठ्या मोटरला आधी कमी व्होल्टेज देतात.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तीन कॉन्टॅक्टर आणि एक टायमर असतो. बटण दाबताच स्टार कॉन्टॅक्टर ओढला जातो, मोटरच्या तिन्ही वाइंडिंगची एकेक टोके एकत्र जोडली जातात आणि मग मेन कॉन्टॅक्टर सप्लाय देतो. आता प्रत्येक वाइंडिंगवर ४१५ ऐवजी सुमारे २४० व्होल्टच येतात. लाइनमधला करंट एक तृतीयांश, म्हणजे २८२ अँपिअर होतो. पण मोटरचा पीळ, म्हणजे टॉर्क, तोही एक तृतीयांशच उरतो. आठ-दहा सेकंदांनी टायमर स्टार सोडतो आणि क्षणभराने डेल्टा कॉन्टॅक्टर बसतो. स्टार आणि डेल्टा एकाच वेळी बसले, तर सप्लायचे तिन्ही फेज शॉर्ट होतील. म्हणून दोघांमध्ये इंटरलॉक आणि सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागाएवढी फट ठेवावीच लागते.

खरी गोम या फटीतच आहे. सप्लाय तुटला तरी फिरत्या रोटरमधले चुंबकत्व लगेच मरत नाही. ते वाइंडिंगमध्ये स्वतःचे व्होल्टेज तयार करत राहते आणि वेग घसरेल तसे ते सप्लायच्या तालापासून मागे पडत जाते. डेल्टा बसताना दोन्ही व्होल्टेज एकमेकांच्या विरुद्ध असतील, तर क्षणभर थेट सुरुवातीपेक्षाही मोठा करंट वाहू शकतो. दोन्ही एका तालात असतील, तर काहीच जाणवत नाही. त्यामुळे ब्रेकर कधी ट्रिप होतो, कधी होत नाही आणि वायरमन उगाच केबलमध्ये दोष शोधत बसतो.

दुसरी अडचण ओढायच्या भाराची. सेंट्रिफ्युगल पंपाला वेग वाढेल तसा जास्त पीळ लागतो. ८० टक्के वेगाला पूर्ण भाराच्या सुमारे ६४ टक्के. डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंप चालू केला, तर स्टारमधली मोटर मधल्याच एखाद्या वेगावर अडकू शकते. हे अँमीटरवर दिसते: काटा खाली येत नाही, वरच रेंगाळतो. अशा वेळी टायमर वाढवून फक्त वाइंडिंग तापते, आणि तिथून डेल्टात गेले की जवळपास थेट सुरुवातीचाच करंट बसतो. व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरुवात केली की भार बराच कमी होतो आणि मोटर स्टारमध्येच जवळपास पूर्ण वेग गाठते.

सॉफ्ट स्टार्टरमध्ये ही फटच नसते. प्रत्येक फेजमध्ये उलटसुलट जोडलेले दोन थायरिस्टर असतात. ते व्होल्टेजच्या लहरीचा थोडा भाग कापून उरलेला मोटरला देतात आणि हा भाग हळूहळू वाढवतात. व्होल्टेज ४० टक्क्यांपासून दहा-बारा सेकंदांत पूर्णापर्यंत जाते. करंटला कमाल मर्यादाही घालता येते. शेवटी बायपास कॉन्टॅक्टर बसतो, नाहीतर थायरिस्टर सतत तापत राहतात.

मात्र सॉफ्ट स्टार्टर कमी करंट घेतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. स्टारइतकाच पीळ मिळवायला त्यालाही व्होल्टेज सुमारे ५८ टक्के ठेवावे लागते, आणि तेव्हा लाइनचा करंट ८४५ चे ५८ टक्के, म्हणजे जवळपास ४९० अँपिअर होतो. स्टारमध्ये तेवढ्याच पिळाला २८२ अँपिअर पुरत होते. अशक्त ट्रान्सफॉर्मरवर हा फरक निर्णायक ठरू शकतो. सॉफ्ट स्टार्टरची सरशी आहे ती बदलाचा झटका टाळण्यात, आणि त्याहून जास्त थांबवण्यात. लांब, चढाच्या पाइपलाइनवर पंप एकदम बंद झाला की पाणी उलटते, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धाडकन आपटतो आणि जलाघाताने जोड फुटतात. व्होल्टेज हळूहळू उतरवत पंप थांबवला, तर हा धोका बराच कमी होतो. स्टार-डेल्टाला हे जमतच नाही. अर्थात वीजच गेली, तर सॉफ्ट स्टार्टरचाही इलाज चालत नाही.

स्टार-डेल्टासाठी मोटरची सहाही टोके टर्मिनल बॉक्समध्ये आलेली असावी लागतात आणि नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट डेल्टा असावे लागते. सॉफ्ट स्टार्टरला तीन टोके पुरतात. मात्र बंद असतानाही थायरिस्टरमधून थोडी गळती होते, म्हणून मोटरवर काम करण्यापूर्वी आयसोलेटर उघडणे अनिवार्य आहे. व्हॉल्व्ह बंद ठेवून दिवसातून एक-दोनदाच चालू होणाऱ्या, कमी लांबीच्या पाइपलाइनवरच्या पंपाला स्टार-डेल्टा पुरेसा आणि स्वस्तही पडतो; लांब पाइपलाइनला सॉफ्ट स्टार्टर घ्यावा. भरलेला कन्व्हेयर जागेवरून हलवायचा असेल, तर दोन्हींचा पीळ अपुरा पडण्याचीच शक्यता जास्त. तिथे व्हीएफडी लावावा.