कामात बदल झाला, तर सूचनेची सुरुवात कशाने?

गैरसमज: कार्यालयीन सूचना संदर्भ क्रमांकांनीच सुरू व्हायला हवी, कारण आणि कृती नंतर.

वस्तुस्थिती: संदर्भ फाइलसाठी आवश्यक असतात, पण सत्रावर काम करणाऱ्या आरोग्य सेविकेला ते लागत नाहीत. पत्रातले पाच संदर्भ आणि प्रस्तावना ओलांडेपर्यंत मुख्य वाक्य नजरेतून निसटते.

लसीकरणातला एक बदल घेऊ. भारतात पोलिओच्या इंजेक्शनचे (एफआयपीव्ही) दोन डोस सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात दिले जात. १ जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यात तिसरा डोस आला. किनवट तालुक्यातल्या इस्लापूरसारख्या डोंगरी भागात, जिथे सेविका आणि आशा वाड्या-तांड्यांवर विखुरलेल्या असतात, तिथे सूचनेचा नमुना असा असावा:

“पोलिओच्या टाइप २ विषाणूपासून बाळाचे संरक्षण वाढवण्यासाठी १ जानेवारीपासून नवव्या महिन्यात एफआयपीव्हीचा तिसरा डोस द्यायचा आहे. गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसासोबतच, डाव्या दंडावर, ०.१ मिली, कातडीच्या थरात द्यावा. गोवर-रुबेला नेहमीप्रमाणे उजव्या दंडावर. आशांनी नऊ महिन्यांच्या बाळांच्या यादीत हा डोस लिहावा. शंका वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावी.”

संदर्भ क्रमांक याच्या खाली. कारण एका वाक्यात आले, आणि कोणी, काय, कधी, कुठे हे लगेच मागोमाग.

गैरसमज: कर्मचाऱ्यांना फक्त आदेश पुरतो, कारण सांगून वेळ जातो.

वस्तुस्थिती: पहिला प्रश्न आईच विचारते: “दोन सुया झाल्या, आता तिसरी कशाला?” उत्तर साधे आहे. २५ एप्रिल २०१६ पासून तोंडावाटे देण्याच्या डोसातून टाइप २ काढला गेला, त्यामुळे नियमित लसीकरणात त्याविरुद्धचे संरक्षण आता इंजेक्शनमधूनच मिळते. हे माहीत असलेली सेविका आईला समजावू शकते. कारण न कळलेली सेविका “वरून आदेश आलाय” एवढेच म्हणते आणि आईची शंका तशीच राहते. मात्र कारणाने सूचनेचे पहिले पान भरू नये. लांब शास्त्रीय माहिती बैठकीसाठी ठेवावी.

गैरसमज: व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि निळ्या खुणा आल्या, म्हणजे सर्वांना कळले.

वस्तुस्थिती: निळी खूण संदेश उघडल्याची असते, समजल्याची नव्हे. शिवाय काही वाड्यांवर मोबाइलला रेंजच नसते. खात्री करायची तर मासिक बैठकीत प्रत्येकीला तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या वयात, कोणत्या दंडावर, कधीपासून? एखादी “उजव्या” म्हणाली, तर आधी सूचनेचे ते वाक्य तपासावे. बहुतेकदा दोष तिथेच सापडतो, आणि दुरुस्त केलेली सूचना पुन्हा सगळ्यांना पाठवावी लागते.