सोल्डरची रीळ विकत घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत ‘सोल्डर द्या’ म्हटलं की दुकानदारच उलट विचारतो, ‘कुठलं देऊ? साठ-चाळीस की लेड-फ्री? किती गेजचं?’ पहिल्यांदाच सर्किट जोडायला निघालेला माणूस इथेच अडखळतो. समजा, 9 व्होल्टच्या बॅटरीवर एक एलईडी उघडझाप करवायचा आहे. त्यासाठी 555 टायमर आयसी, तीन रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि झिरो पीसीबी लागेल. सगळे मिळून तीसेक सांधे होतील. एवढ्या कामासाठी कुठलं सोल्डर, कुठलं फ्लक्स आणि कुठली वायर घ्यावी?

आधी रीळ पाहू. साठ-चाळीस म्हणजे 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं. याचंच जवळचं भावंड म्हणजे 63/37. हे 183 अंश सेल्सियसला एकदम वितळतं आणि निवताना एकदम घट्ट होतं. साठ-चाळीस मात्र 183 ते 190 अंशांच्या दरम्यान काही क्षण लापशीसारखं राहतं. तेवढ्यात वायर हलली तर सांध्यात बारीक भेगा राहतात. नवशिक्याचा हात हलतोच, म्हणून मिळालं तर 63/37 घ्यावं. जाडी 0.7 ते 0.8 मिलिमीटर पुरे. आपल्याकडे ती गेजमध्ये सांगतात आणि आकडा वाढला की तार बारीक होते. 22 गेज म्हणजे साधारण 0.7 मिलिमीटर, 18 गेज म्हणजे 1.2. अठरा गेजची तार आयसीच्या पायांवर टेकवली की गरजेपेक्षा जास्त सोल्डर ओघळतं आणि शेजारचे दोन पाय जोडले जातात.

लेड-फ्री सोल्डरमध्ये जवळजवळ सगळं कथीलच असतं. स्वस्त प्रकारात 99.3 टक्के कथील आणि 0.7 टक्के तांबं असतं, तो 227 अंशांना वितळतो. सॅक-305 नावाच्या प्रकारात 3 टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असतं. तो 217 ते 220 अंशांना वितळतो, पण चांदीमुळे महाग पडतो. युरोपीय संघाने जुलै 2006 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर मर्यादा घातली, तेव्हापासून कारखान्यांत हेच सोल्डर रूढ झालं. हातकामात मात्र ते थोडं हट्टी आहे. शिशाच्या सोल्डरला इस्त्रीचं टोक 320 ते 350 अंशांवर चालतं, याला 350 ते 380 लागतं. तापमान न बदलणारी साधी 25 वॉटची इस्त्री इथे कशीबशी पुरते. सांध्याला टेकताच तिचं टोक निवतं आणि ते पुन्हा तापायला वेळ लागतो.

मग निवड कशी करायची? काम करणारा मोठा माणूस असेल आणि खाली सांगितलेली काळजी घेणार असेल, तर 63/37 वर हात लवकर बसतो. शाळकरी मूल काम करणार असेल, घरात रांगतं बाळ किंवा गरोदर बाई असेल, किंवा तयार वस्तू खेळण्यात जाणार असेल, तर लेड-फ्री घ्यावं आणि थोडे पैसे तापमान बदलता येणाऱ्या इस्त्रीत घालावेत. शिशाची अमुक मात्रा मुलांना सुरक्षित, असं म्हणता येत नाही.

शिशाबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. सोल्डरिंग करताना उठणारा धूर शिशाचा, असं लोकांना वाटतं. शिसं उकळतं ते 1,700 अंशांच्याही वर. इस्त्रीच्या तापमानाला त्याची वाफ नगण्य असते. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. तार चिमटीत धरली, तोच हात चहाच्या कपाला आणि बिस्किटाला लागला, की काम झालं. म्हणून काम करताना खाणं-पिणं नाही, तार दातात धरायची नाही, काम संपल्यावर साबणाने हात धुवायचे आणि टेबल ओल्या फडक्याने पुसायचं. कोरड्या झाडूने कण उडतात. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम नकोच. सोल्डरचे तुकडे झाकणाच्या डबीत साठवून ई-कचऱ्यात द्यावेत.

धूर असतो तो फ्लक्सचा. चिडाच्या झाडाची राळ हा नेहमीच्या फ्लक्सचा मुख्य घटक. तिचा धूर रोज छातीत गेला तर दमा जडू शकतो. लेड-फ्री सोल्डरला टोक जास्त तापवावं लागतं आणि त्यातलं फ्लक्सही बहुधा अधिक तीव्र असतं, त्यामुळे ‘लेड-फ्री आहे, मग धूर चालेल’ हे गणित चुकतं. खिडकी उघडी ठेवावी, डोकं सांध्याच्या थेट वर नेऊ नये. छोटा पंखा धूर बाजूला ओढेल असा ठेवावा. सांध्यावर वारा आला तर तो अर्धवटच निवतो.

फ्लक्सचं काम जुन्या घरांना माहीत आहे. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो, मगच कथील पसरतं. तांब्यावर हवेने धरलेला थर निघाल्याशिवाय कथील चिकटत नाही. सोल्डरच्या तारेत हीच सोय पोटात भरलेली असते. रिळीवर ‘फ्लक्स कोअर’ असं लिहिलेलं आहे ना, हे पाहून घ्यावं. नव्या पीसीबीला तेवढं पुरतं. काळवंडलेल्या वायरीसाठी किंवा बिघडलेला सांधा सुधारण्यासाठी राळेची छोटी डबी जवळ असावी. पत्रा आणि नळाच्या कामाचं आम्लयुक्त फ्लक्स मात्र इथे कधीही वापरू नये. त्याचे क्षार दमट हवेत पाणी धरतात आणि काही महिन्यांत तांब्यावर हिरवट थर चढून तार कुरतडली जाते.

वायर दोन प्रकारची घ्यावी. पीसीबीवरच्या छोट्या जोडण्यांना सिंगल स्ट्रँड, कारण वाकवलेला आकार ती धरून ठेवते. बॅटरीकडे जाणारी वायर मात्र हलत राहते, तिथे एकच जाड तार लवकर तुटते. तिथे 7/36 ची मल्टी-स्ट्रँड घ्यावी, म्हणजे 36 गेजच्या सात बारीक तारा. एलईडीच्या विजेला ती भरपूर झाली. टोकाचं चार-पाच मिलिमीटर आवरण काढावं, तारा पिळाव्यात, इस्त्री खालून लावावी आणि सोल्डर वरून द्यावं. सोल्डर चढल्यावरही तारांचे पीळ दिसले पाहिजेत. आवरणाच्या आत सोल्डर शिरलं की वायर तिथे ताठ होते आणि नेमकी तिथेच मोडते.

आता सांधा. आयसी थेट न जोडता त्याचा सॉकेट जोडावा, म्हणजे आयसीला आच लागत नाही. टोक एकाच वेळी पायाला आणि तांब्याच्या गोल चकतीला टेकवावं, एक-दीड सेकंदाने समोरच्या बाजूने तार लावावी. सोल्डर पसरलं की आधी तार काढावी, मग इस्त्री. सगळं मिळून तीन सेकंद. जास्तीचे पाय कापताना तुकडे उडतात, तेव्हा चष्मा हवाच.

बॅटरी लावली आणि एलईडी लागला नाही, किंवा पीसीबी दाबल्यावरच लागला, तर दुरुस्तीवाले म्हणतात तसं कुठेतरी ‘ड्राय सोल्डर’ आहे. चांगल्या सांध्यात सोल्डर चकतीच्या काठापासून पायाकडे उतरणीने चढलेलं दिसतं. वाईट सांध्यात ते मण्यासारखं गोल बसतं आणि कडेला फट दिसते. शिशाच्या सोल्डरमध्ये चकाकीवरूनही अंदाज येतो. लेड-फ्री सांधा चांगला असूनही मंद दिसतो, त्यामुळे तिथे फक्त उतार पाहायचा. दोषी सांधा नुसता पुन्हा तापवला तर उरलंसुरलं फ्लक्स जळतं आणि सोल्डरला शेंडी येते. त्यावर आधी किंचित राळ लावावी, थोडं ताजं सोल्डर द्यावं, मग तो आपसूक पसरतो.