मेंदूमृत ठरवताना आयसीयूत काय होते

डोक्याला जबर मार लागला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला की कवटीच्या आत सूज वाढत जाते. कवटीला पसरायला जागा नसते, त्यामुळे आतला दाब इतका चढतो की मेंदूकडे रक्त जाणेच थांबते. श्वास आणि जाग ज्याच्यावर अवलंबून, तो तळाचा मेंदूस्तंभ मग कायमचा निकामी होतो. हृदयाला ठोक्यांसाठी मेंदूची आज्ञा लागत नाही. व्हेंटिलेटरने प्राणवायू मिळत राहिला की ते काही काळ धडधडते. म्हणून छाती हलताना दिसते, हात गरम लागतो, आणि ‘माणूस गेला’ हे घरच्यांना पटत नाही. पटू नये असेच ते दृश्य असते.

ही अवस्था म्हणजे कोमा नव्हे. कोमातल्या रुग्णाचा मेंदूस्तंभ थोडाफार तरी काम करत असतो आणि काही जण शुद्धीवर येतातही. मेंदूमृत व्यक्ती परत येत नाही. म्हणूनच तपासणी कडक असते, आणि ती करण्याआधी फसवी कारणे वगळावी लागतात. गुंगीचे औषध, विषबाधा, थंड पडलेले शरीर किंवा रक्तातल्या साखर-क्षारांचा मोठा बिघाड यांमुळेही मेंदू निपचित पडू शकतो.

समजा, दुचाकीच्या अपघातातला चाळिशीचा एक रुग्ण आहे. पहिली तपासणी सकाळी 11 वाजता होते. डोळ्यांवर प्रकाश टाकला तरी बाहुल्या आकुंचन पावत नाहीत, बुबुळाला कापसाचे टोक लावले तरी पापणी मिटत नाही, कानात बर्फगार पाणी सोडले तरी डोळे हलत नाहीत, श्वासनलिकेत नळी घातली तरी खोकला येत नाही. शेवटी श्वासाची चाचणी. आधी भरपूर प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर काही मिनिटे सोडवतात. नळीवाटे प्राणवायू चालूच असतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू लागतो. जिवंत मेंदूस्तंभाला श्वास घ्यायला लावणारा याहून मोठा इशारा नाही. या वायूची पातळी 60 मिलिमीटरवर गेली तरी छाती जराही हलली नाही, तर उत्तर स्पष्ट असते. तरीही प्रमाणपत्र लगेच मिळत नाही. किमान 6 तासांनी, म्हणजे इथे संध्याकाळी 5 नंतर, सगळे पुन्हा करतात. या काळात एखादे बोट हलले तर घरचे हादरतात. पण ती हालचाल पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची असते, मेंदूची नसते.

‘अवयवांसाठी डॉक्टर घाई करतील’ ही शंका सर्वांत जास्त ऐकू येते, आणि ती रास्तही आहे. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने तिची दखल घेतली आहे. निर्णय चार डॉक्टरांचा असतो: रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, उपचार करणारे डॉक्टर आणि मान्यताप्राप्त यादीतले दोन तज्ज्ञ, त्यांपैकी एक शक्यतो मेंदूविकारतज्ज्ञ. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला कोणीही त्यांत नसतो.

त्यानंतरच अवयवदानाचे समन्वयक नातेवाइकांशी बोलतात. मृताने हयातीत दात्याचा अर्ज भरला असला तरी व्यवहारात घरच्यांची लेखी संमती घेतली जाते. त्यामुळे कार्ड पाकिटात ठेवून गप्प राहण्यापेक्षा ते घरात दाखवलेले बरे. कोणते अवयव द्यायचे हे घरच्यांनी ठरवायचे. ते कोणाला मिळतील हे मात्र त्यांना ठरवता येत नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली विभागीय समन्वय केंद्रे प्रतीक्षायादी आणि रक्तगट पाहून वाटप करतात. अवयवांचे पैसे घेणे किंवा देणे गुन्हा आहे आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडत नाही. वय किंवा मधुमेहामुळे आपणच नकार गृहीत धरू नये. कोणता अवयव चालेल हे डॉक्टर तपासून सांगतात.

पुढची धावपळ वेळेची असते. काढलेले हृदय साधारण 4 ते 6 तासांत बसवावे लागते, मूत्रपिंड त्याहून बराच जास्त वेळ टिकते. अवयव शस्त्रक्रियागृहात इतर कुठल्याही शस्त्रक्रियेप्रमाणे काढतात आणि टाके घालून शरीर बंद करतात. कपडे घातल्यावर चेहऱ्यात फरक दिसत नाही आणि अंत्यदर्शन नेहमीसारखे होते. अपघाताच्या प्रकरणात पोलिसांची परवानगी आणि शवविच्छेदनही असते, त्यामुळे पार्थिव हाती यायला वेळ लागतो. किती वेळ लागेल हे समन्वयकांना आधीच विचारावे, म्हणजे गावाकडच्या मंडळींना तसे कळवता येते.

घरी, हृदय थांबून मृत्यू आला तर हृदय, यकृत यांसारखे अवयव देता येत नाहीत, पण डोळे देता येतात. नेत्रपेढीला लगेच कळवावे. पथकाला साधारण 6 तासांच्या आत पोहोचावे लागते. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा, म्हणजे बुबुळे सुकत नाहीत.